प्रमाणपत्र कोणाचे, कशाचे आणि कुठवरचे?

माळव्यातील मराठी घरांत चैत्र-वैशाखात वर्षाचा गहू भरून ठेवण्याची चाल अद्याप पुष्कळ ठिकाणी टिकून आहे. कोठीची खोली सारवण्याचे दिवस गेले, कणगीच्या जागी पत्र्याच्या कोठ्या आल्या, तरी उन्हात गहू वाळवून, निवडून, कडुनिंबाचा पाला घालून तो वर्षभराकरिता झाकून ठेवल्यावर गृहिणीला जे समाधान लाभते, ते महिन्याच्या महिन्याला पिठाची पिशवी आणून लाभत नाही. मात्र अलीकडे या जुन्या चालीत एक नवी गोष्ट शिरली आहे. पूर्वी विचारीत, ‘गहू शरबती की लोकवन?’ आता त्याच्या जोडीला विचारतात, ‘गहू सेंद्रिय आहे ना?’ आणि विक्रेताही तत्परतेने खिशातून एका प्रमाणपत्राची नक्कल काढून पुढे ठेवतो. नक्कल इंग्रजीत असते, तिच्यावर बोधचिन्ह असते, शिक्का असतो, सही असते. तेवढ्यावर खरेदीदाराचे समाधान होते आणि क्विंटलमागे हजार-दीड हजार रुपये अधिक मोजले जातात.

दोन किलो डाळ घेणाऱ्याने प्रमाणपत्र वाचले नाही तर त्याचे फारसे बिघडत नाही. परंतु पन्नास-साठ कुटुंबे मिळून ट्रकभर धान्य घेतात, तेव्हा तो कागद वाचल्यावाचून पैसे देणे म्हणजे जमिनीचा उतारा न पाहता खरेदीखत करण्यासारखे आहे. कागद खोटाच असतो असे मुळीच नाही. बहुतेक वेळा तो खरा असतो, फक्त तो समोरच्या पोत्यांविषयीचा नसतो. या लेखात जे सांगावयाचे आहे ते मुख्यत्वे या एका भेदाविषयी.

प्रथम हा कागद येतो कुठून ते पाहू. आपल्या देशात सेंद्रिय मालाच्या प्रमाणनाचे दोन मार्ग आहेत. पहिला राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचा. तो २००१ पासून केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाच्या छत्राखाली चालतो आणि ‘अपेडा’ ही संस्था त्याचे काम पाहते. या मार्गात सरकार स्वतः शेत तपासीत नाही. सरकारने मान्यता दिलेल्या प्रमाणन संस्था निरीक्षक पाठवून शेत, गोदाम, गिरणी व हिशेबाच्या वह्या तपासतात आणि प्रमाणपत्र देतात. यांत खासगी संस्था आहेत, तशाच राज्य सरकारांच्याही आहेत. दुसरा मार्ग ‘पीजीएस-इंडिया’ या नावाने ओळखला जातो. तो कृषी मंत्रालयाचा असून त्यात गावातील शेतकऱ्यांचे गटच परस्परांच्या शेतांची तपासणी करतात. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०१७ च्या सेंद्रिय अन्नविषयक नियमांनी हे दोन्ही मार्ग ग्राह्य धरले आहेत. थेट ग्राहकाला आपला माल विकणाऱ्या लहान उत्पादकाला त्या नियमांत सूट आहे. तेव्हा ओळखीचा लहान शेतकरी प्रमाणपत्राविना सेंद्रिय ज्वारी विकीत असेल तर तो लबाडच आहे असे समजू नये. तिथे कागदाऐवजी माणसाची पारख करावयाची असते. आपला विषय कागद पुढे करून विकल्या जाणाऱ्या मालाचा आहे.

पहिल्या मार्गात शेतकऱ्याला वा व्यापाऱ्याला मिळणाऱ्या मुख्य कागदाला ‘स्कोप सर्टिफिकेट’ म्हणतात. आपण त्याला व्याप्तिपत्र म्हणू. नावातच त्याचा अर्थ आहे. एका ठरावीक व्यक्तीच्या किंवा गटाच्या, ठरावीक कामाला, ठरावीक पिकांपुरती, ठरावीक मुदतीसाठी दिलेली ही मान्यता आहे. हे व्याप्तिपत्र एका वर्षापुरते असते आणि दरवर्षी तपासणीनंतर त्याचे नूतनीकरण व्हावे लागते. पहिल्या पानावर धारकाचे नाव, पत्ता, प्रमाणन संस्थेचे नाव, तिचा मान्यता-क्रमांक आणि मुदतीच्या तारखा असतात. पण खरी माहिती त्याच्या पुढच्या पानांवर, परिशिष्टात, असते. कोणते पीक, किती हेक्टर, किती उत्पादन अपेक्षित, आणि त्या पिकाचा दर्जा काय, हे तिथे एकेका ओळीत लिहिलेले असते. विक्रेते सहसा पहिल्याच पानाची नक्कल देतात. परिशिष्ट मागितले की अनेकदा ‘ते ऑफिसात आहे’ असे उत्तर येते. ते येईपर्यंत सौद्याचे बोलणे थांबवावे, हे उत्तम.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ, म्हणजे हे कोरडे वाटणार नाही. इंदुरातील आमच्या परिसरातील एका महिला मंडळाने २०२५ च्या एप्रिलात बासष्ट कुटुंबांसाठी ७५ क्विंटल सेंद्रिय शरबती गहू आणि ८ क्विंटल तुरीची डाळ घेण्याचे योजिले. छावणीच्या बाजारात व्यवहार असलेल्या एका व्यापाऱ्याने गव्हाचा भाव क्विंटलला ५,००० रुपये सांगितला. त्याच प्रतीचा साधा गहू त्या वेळी त्याच्याच दुकानी ३,४०० रुपयांना होता. म्हणजे ‘सेंद्रिय’ या एका शब्दाची किंमत क्विंटलमागे १,६०० रुपये, आणि ७५ क्विंटलांवर एक लाख वीस हजार रुपये. मंडळात निवृत्तिवेतनावर चालणारी घरे बरीच आहेत. काहींनी घरातील आजारी माणसासाठी, काहींनी लहान नातवंडांसाठी हा जादा खर्च पत्करला होता. मंडळाच्या अध्यक्ष वहिनींनी व्यापाऱ्याने दिलेला कागद ‘गुरुजी, एवढे वाचून सांगा’ म्हणून माझ्याकडे पाठविला. दाखले तपासण्यात ज्याची हयात गेली त्याला असे काम नकोसे वाटत नाही.

कागद खरा होता. धारकाचे नाव मात्र त्या व्यापाऱ्याचे नव्हते. सिहोर जिल्ह्यातील एका शेतकरी गटाचे होते. यात वावगे काही नाही, कारण व्यापारी गटाकडून माल विकत घेऊ शकतो. परंतु गटाचे प्रमाणपत्र गटाच्या शेतापुरते आणि गटाच्या ताब्यातील गोदामापुरते असते. माल दुसऱ्याच्या हाती गेला, पोती उघडली, दुसऱ्या पोत्यांत भरली, चाळणी मारली, की ती साखळी पुढे चालू राहण्यासाठी त्या दुसऱ्या माणसालाही व्यापाराचे वा प्रक्रियेचे स्वतःचे प्रमाणपत्र लागते. गटाने स्वतः शिवून लेबल लावलेली पोती तशीच आपल्या दारी येत असतील तर गोष्ट वेगळी. म्हणून पहिला प्रश्न असा की कागदावरचे नाव आणि पावतीवरचे नाव एक आहे काय? नसेल, तर मधल्या माणसाचा कागद कोठे आहे? आमच्या व्यापाऱ्याकडे स्वतःचे प्रमाणपत्र नव्हते. ‘मी फक्त पोहोचवितो’ असे तो म्हणाला. मग पोती गटाच्या शिक्क्याची आणि शिवणीची असतील काय, असे वहिनींनी विचारले, तेव्हा ‘ते पाहावे लागेल, वहिनीजी’ असे उत्तर आले.

परिशिष्ट तीन दिवसांनी आले. त्यात सोयाबीन होते, हरभरा होता, तूर होती आणि गहूही होता. घाईने वाचणारा ‘गहू’ हा शब्द पाहून इथेच थांबला असता. पण गव्हाच्या ओळी दोन होत्या. एकीत ४ हेक्टर आणि १२० क्विंटल, दर्जा सेंद्रिय. दुसरीत २२ हेक्टर आणि ६६० क्विंटल, दर्जा रूपांतराधीन, दुसरे वर्ष.

हा ‘रूपांतराधीन’ शब्द सामान्य खरेदीदाराला कोणी समजावून देत नाही. रासायनिक खते-औषधे थांबविली म्हणून शेत त्याच दिवशी सेंद्रिय होत नाही. वार्षिक पिकांच्या बाबतीत साधारणपणे पेरणीपूर्वीची दोन वर्षे, आणि आंबा-संत्र्यासारख्या बहुवर्षायू पिकांच्या बाबतीत पहिल्या तोडणीपूर्वीची तीन वर्षे त्या जमिनीला सेंद्रिय पद्धतीने वागवावे लागते. त्या काळात शेतकऱ्याची तपासणी होते, त्याचे नाव प्रमाणपत्रावर येते, त्याच्या पिकाची ओळही परिशिष्टात येते. परंतु तो माल ‘सेंद्रिय’ म्हणून विकता येत नाही. गटात दरवर्षी नवी गावे, नवे शेतकरी सामील होत असतात, म्हणून एकाच गटाच्या कागदावर तेच पीक दोन दर्जांत असणे ही अगदी नित्याची बाब आहे. पीजीएसच्या मार्गातही हाच भेद आहे. तेथे रूपांतराच्या काळातील मालाला ‘पीजीएस-ग्रीन’ आणि पूर्ण दर्जाच्या मालाला ‘पीजीएस-ऑरगॅनिक’ म्हणतात. ग्रीन हा शब्द कानाला गोड वाटतो, पण अर्थ ‘अजून नाही’ असा आहे.

रूपांतराच्या काळातील शेतकऱ्याबद्दल मला आदर आहे. उत्पादन घटते, भाव मात्र साध्या मालाचा मिळतो, आणि ती दोन वर्षे त्याला पदरमोड करून काढावी लागतात. त्याचा गहू घेणे चांगलेच. फक्त तो काय आहे हे जाणून, त्याला साजेशा भावाने घ्यावा. सेंद्रियाचा भाव मधल्या माणसाने लाटावा आणि शेतकऱ्याला त्यातले काही मिळू नये, हे कोणालाच शोभणारे नाही.

डाळीची कथा निराळी. परिशिष्टात तूर होती, ३ हेक्टर, ३० क्विंटल, दर्जा सेंद्रिय. आठ क्विंटल डाळीला एवढी तूर पुरून उरते. परंतु पहिल्या पानावर कामाचा प्रकार ‘पीक उत्पादन’ एवढाच लिहिलेला होता. तूर शेतात पिकते, डाळ गिरणीत होते. तुरीची डाळ करणे ही प्रक्रिया आहे आणि तिच्यासाठी गिरणीच्या नावाचे वेगळे व्याप्तिपत्र हवे, आणि त्यात ‘तूरडाळ’ हा पदार्थ नमूद हवा. ही केवळ कागदी अट नव्हे. साध्या गिरणीत सकाळी एका शेताची आणि दुपारी दुसऱ्या शेताची तूर भरडली जाते, आणि मधल्या वेळात यंत्र कोणी धूत नाही. त्याहून मोठी गोष्ट साठवणीची. साध्या गोदामात पोरकिडे होऊ नयेत म्हणून विषारी गोळ्यांची धुरी देतात. सेंद्रिय मालाच्या गोदामात ती वर्ज्य आहे. शेतात दोन-तीन वर्षे पाळलेले पथ्य गोदामात एका रात्रीत मोडू शकते. तेव्हा पीठ, डाळ, गूळ, तेल, पोहे, मसाला यांपैकी काहीही घेताना कच्च्या पिकाचा कागद दाखविला गेला, तर तो अर्धा कागद समजावा.

आता मुदतीकडे वळू. मुदत पाहणे सोपे आहे असे वाटते, कारण तारीख सर्वांनाच वाचता येते. पण तारखेचा अर्थ लावताना घोटाळा होतो. या गटाच्या कागदाची मुदत ११ मे २०२४ ते १० मे २०२५ अशी होती. गहू नोव्हेंबरात पेरला, मार्चमध्ये कापला, म्हणजे पीक मुदतीच्या आत. सौदा एप्रिलात, तोही मुदतीच्या आत. पण पोती मे महिन्याच्या अखेरीस द्यावयाची होती. त्या वेळी हा कागद संपलेला असणार. अशा वेळी माल खोटा ठरत नाही, कारण तो मुदतीत पिकलेला आणि तपासलेला असतो. परंतु विकणाऱ्याची सेंद्रिय म्हणून विकण्याची पात्रता चालू आहे काय, हे पाहण्यासाठी नूतनीकरण झालेला नवा कागद मागावा लागतो. ‘अर्ज केला आहे, येईलच’ असे सांगून अर्जाची पोच दाखवितात. पोच म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. नूतनीकरणाच्या तपासणीत एखादा शेतकरी गळतो, एखाद्या पिकाचा दर्जा उतरतो, आणि नव्या परिशिष्टात त्या ओळी नसतात.

याच्या उलट प्रकारही घडतो. कागद अगदी नवा, कोरा करकरीत, आणि माल मागच्या वर्षीचा. जुनी तूर, जुना तांदूळ, जुना गूळ यांच्या बाबतीत हे विशेष. दोन वर्षे ठेवलेल्या तांदळाला आपण मुद्दाम जास्त भाव देतो, तेव्हा तो पिकला त्या वर्षीचे प्रमाणपत्र आणि आजचे प्रमाणपत्र, अशी दोन्ही पाहावी लागतील. जो गट गेल्या वर्षीच सेंद्रिय दर्जाला पोहोचला, त्याचा तीन वर्षांपूर्वीचा तांदूळ आजच्या कागदाने सेंद्रिय होत नाही.

आणि मुदतीचा तिसरा पेच कागदावर दिसतच नाही. प्रमाणन संस्था मुदत संपण्यापूर्वीही प्रमाणपत्र स्थगित करू शकते वा रद्द करू शकते. तपासणीत काही आढळले की ती तसे करते. पण विक्रेत्याच्या खिशातील छापील नकलेवर पुढची तारीख तशीच राहते. म्हणून तारीख वाचल्यावरही चौकशी करणे भागच असते. तिचा मार्ग असा. apeda.gov.in हे संकेतस्थळ स्वतः टंकून उघडावे, तेथून सेंद्रिय विभागात जाऊन मान्यताप्राप्त प्रमाणन संस्थांची यादी पाहावी, आपल्या कागदावरील संस्था तिच्यात आहे काय ते तपासावे, आणि त्या यादीत दिलेल्या दूरध्वनीवर वा ई-पत्रपत्त्यावर प्रमाणपत्राचा क्रमांक कळवून तीन गोष्टी विचाराव्यात: प्रमाणपत्र आज चालू आहे का, या पिकाची ओळ त्यात आहे का, आणि दर्जा कोणता. कागदावरच छापलेल्या दूरध्वनीवर विचारू नये. ज्याने कागद बनविला असेल, त्यानेच दूरध्वनीही छापला असेल.

हे मी अतिसंशयाने लिहीत नाही. २०२० च्या ऑक्टोबरात सेंद्रिय वस्त्रांचे आंतरराष्ट्रीय मानक चालविणाऱ्या ‘गॉट्स’ या संस्थेने भारतातील सेंद्रिय कापसाचा एक मोठा अपहार उघड केला. सुमारे वीस हजार टन कापूस खोट्या कागदांवर सेंद्रिय म्हणून पुढे गेला होता. त्या कागदांवर आजकाल सर्वत्र दिसतो तसा चौकटींचा क्यूआर संकेत होता. तो मोबाइलने टिपला की सरकारी संकेतस्थळासारखे हुबेहूब दिसणारे एक पान उघडे आणि त्यात प्रमाणपत्र खरे असल्याचे दिसे. ते पानच बनावट होते. कापूस पांघरावयाचा आणि गहू खावयाचा, एवढाच फरक. कागदाची रीत तीच आहे. त्या संकेतावर विसंबण्यापेक्षा पत्ता स्वतः टंकलेला बरा, तो याकरिता.

सिहोरच्या गटाबाबत अशी चौकशी केली तेव्हा प्रमाणन संस्थेने कागद खरा व चालू असल्याचे कळविले आणि गव्हाच्या दोन्ही ओळींची पुष्टी केली. मग उरला एकच प्रश्न. व्यापाऱ्याकडचा गहू कोणत्या ओळीतला?

या प्रश्नाचे उत्तर व्याप्तिपत्र कधीच देऊ शकत नाही. तो गटाचा कागद आहे, पोत्यांचा नव्हे. त्याची नक्कल एकाच दिवशी दहा गिऱ्हाइकांना दाखविता येते. चार हेक्टरांच्या १२० क्विंटलांवर पाचशे क्विंटल विकले तरी कागद काही बोलत नाही. पोत्यांचे उत्तर देणारा कागद वेगळा आहे. त्याला ‘ट्रॅन्झॅक्शन सर्टिफिकेट’ म्हणतात, आणि बाजारात त्याचे संक्षिप्त नाव ‘टी.सी.’ आहे. आम्हा शाळावाल्यांचा टी.सी. निराळा, पण काम जवळपास सारखेच: अमुक विद्यार्थी अमुक तारखेला इथून निघून तिथे गेला. हा टी.सी. सांगतो की अमुक गटाचा, अमुक लॉटचा, इतके क्विंटल, अमुक दर्जाचा माल, अमुक तारखेच्या बिलाने, अमुक खरेदीदाराकडे गेला. प्रमाणन संस्था तो ‘ट्रेसनेट’ या संगणकीय नोंदवहीतून देते. गटाच्या नोंदलेल्या उत्पादनातून तेवढे क्विंटल वजा होतात, म्हणजे असलेल्यापेक्षा अधिक माल कागदावर विकता येऊ नये अशी ती योजना आहे. आपल्यासारख्या घरगुती खरेदीदाराच्या नावे दर वेळी असा टी.सी. निघेलच असे नाही. पण ज्याने माल स्वतः पिकविला नाही, त्याने तो घेताना मिळालेला टी.सी. आपल्याला दाखविलाच पाहिजे. त्यावरील लॉट क्रमांक पोत्यांच्या चिठ्ठीवर हवा, आणि त्यावरील वजन आपल्याला व इतरांना मिळून विकलेल्या मालापेक्षा कमी असता कामा नये.

आमच्या व्यापाऱ्याने बरेच आढेवेढे घेऊन शेवटी तोही कागद दाखविला. ९० क्विंटल गहू, दर्जा रूपांतराधीन. खरेदीदार म्हणून एका तिसऱ्याच प्रमाणित व्यापाऱ्याचे नाव होते. आमच्या माणसाने त्याच्याकडून उचलला होता. त्याने कोणताही कागद खोटा बनविला नव्हता. पहिले पान दाखविले, दुसरे दाखविले नाही, एवढेच त्याचे कर्तृत्व. त्याला पुरते बोल लावणेही कठीण, कारण त्याला स्वतःलाच त्या ओळींतला भेद ठाऊक नसावा असे मला त्याच्या बोलण्यावरून वाटले. काकूंचे मत वेगळे होते.

सौदा मोडला नाही, बदलला. मंडळाने गटाशी थेट संपर्क साधला. त्यांच्या पूर्ण सेंद्रिय ओळीतले १८ क्विंटल शिल्लक होते. ज्या अकरा कुटुंबांना प्रकृतीच्या कारणाने सेंद्रियच हवे होते त्यांनी त्यातले १४ क्विंटल ४,७०० रुपये भावाने घेतले, गाडीभाडे वेगळे दिले, आणि गटाने स्वतःच्या शिक्क्याची, लॉट क्रमांक असलेली पोती पाठविली. गटाचे नूतनीकरण मे संपण्याआधी झाले होते, त्या नव्या कागदाचे परिशिष्ट पोत्यांबरोबरच आले. उरलेल्या एक्कावन्न कुटुंबांनी व्यापाऱ्याकडचा ६१ क्विंटल गहू, ‘रूपांतराधीन’ असे बिलावर लिहून घेऊन, ३,९०० रुपयांनी घेतला. डाळ कोणीच घेतली नाही. गिरणीचा कागद शेवटपर्यंत आला नाही.

या प्रकरणात दोन वेळा व्यापाऱ्याने दुसरेच कागद पुढे करून पाहिले. असा अनुभव पुष्कळांना येत असेल, म्हणून त्यांविषयी थोडे लिहितो. पहिला होता अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक, जो प्रत्येक पाकिटावर असतो. तो खाद्यपदार्थांचा धंदा करण्याची परवानगी दर्शवितो. परवाना खरा व चालू आहे का हे foscos.fssai.gov.in येथे पाहता येते, आणि पाहावेही. परंतु त्यावरून माल सेंद्रिय आहे की नाही याचा काहीच बोध होत नाही. ॲगमार्कचेही तसेच आहे. १९३७ च्या कायद्यान्वये चालत आलेली ती प्रतवारीची खूण आहे, आणि ती आपल्या जागी उपयोगी आहे. दुसरा कागद होता प्रयोगशाळेचा. ‘कीटकनाशकांचे अंश आढळले नाहीत’ असे त्यात होते. अहवाल खरा असेल, पण तो त्याने नेऊन दिलेल्या एका नमुन्याचा. तो नमुना कोणत्या पोत्यातला, आणि किती व कोणत्या औषधांसाठी तपासला, हे त्यातच पाहावे लागते. शिवाय शेतात रासायनिक खत घातले होते काय, याचे उत्तर असल्या तपासणीतून मिळत नाही. सेंद्रिय हा दर्जा पिकविण्याच्या पद्धतीला दिलेला असतो, आणि पद्धत नमुन्याच्या पुडीत मावत नाही.

प्रमाणपत्राच्याही मर्यादा ध्यानात घेतलेल्या बऱ्या. निरीक्षक वर्षातून क्वचितच शेतावर येतो. मोठ्या गटात सर्व शेतकऱ्यांची पाहणी गटाची अंतर्गत यंत्रणा करते आणि बाहेरचा निरीक्षक त्यांतील निवडक शेतांवर जातो. शेजारच्या शेतातील फवारणीचा वारा इकडे येतो. तेव्हा चारही कागद जुळले तरी दाणा न् दाणा निष्कलंक आहे अशी हमी कोणी देत नाही. कागद जुळल्याने एवढेच होते की काही बिघडले तर ते कोणाच्या दारात बिघडले हे शोधता येते.

त्यासाठी बिल नीट लिहून घ्यावे लागते. ‘गहू ७५ क्विंटल’ असे बिल निरुपयोगी आहे. मालाचे नाव, दर्जा, हंगामाचे वर्ष, प्रमाणपत्राचा क्रमांक, लॉट क्रमांक आणि वजन हे सारे त्यावर असावे, आणि विक्रेत्याने ते लिहिण्यास नकार दिला तर त्या नकारातच बरीच माहिती असते. पैसे एकरकमी आगाऊ न देता काही भाग पोती उतरवून चिठ्ठ्या जुळविल्यावर द्यावा. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे ग्राहकालाही शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेता येतो. तसे करावयाचे असल्यास विकत घेतानाच विक्रेत्याला ते सांगावे लागते.

पोती घरोघर वाटली जातात तेव्हा चिठ्ठ्या फाटून केरात जातात. आमच्या मंडळाच्या कोषाध्यक्ष काकूंनी एका वहीत प्रत्येक चिठ्ठी चिकटवून तिच्यासमोर कुटुंबाचे नाव लिहिले आणि दोन्ही लॉटांतील किलोभर गहू काचेच्या बरण्यांत, झाकणावर लॉट क्रमांक लिहून, वर्षभरासाठी ठेवून दिला. येत्या चैत्रात त्या बरण्या रिकाम्या होतील आणि वहीत नवे पान उघडले जाईल. गटाची ती बावीस हेक्टरांची ओळ तोवर कोणत्या दर्जात गेली आहे, ते काकू नव्या परिशिष्टात पाहणार आहेत.